एकविसाव्या दिवसाच्या पाण्यामागची गोष्ट

गव्हाला पहिलं पाणी एकविसाव्या दिवशी, हे विदर्भात ओलिताचा गहू करणाऱ्याला पाठ असतं. का, असं विचारलं तर "फुटवे येतात" एवढं सांगून माणूस मोटर सुरू करायला निघतो. उत्तर चूक नाही. पण आपल्या आजोबांच्या काळी हा आकडा नव्हता. तेव्हाचा बन्सी गहू काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर यायचा. फुटवे थोडे, दाणा मात्र टणक आणि ठसठशीत. त्यामुळे गव्हाची पारख दाण्यावरून करायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

उत्पन्नाचा हिशेब वेगळा मांडला तो केंब्रिजच्या एंगलडो आणि वॅडम यांनी, १९२३ च्या सुमारास. नुसतं पोत्यांचं वजन सांगून काही कळत नाही, ते तोडून बघा, असं त्यांचं म्हणणं. ठरावीक जागेत झाडं किती, झाडामागे ओंब्या किती, ओंबीत दाणे किती, दाण्याचं वजन किती. या चौघांचा गुणाकार म्हणजे पीक. गुणाकार असल्यामुळे एक आकडा घसरला की सगळंच घसरतं. शिवाय हे आकडे एकाच वेळी ठरत नाहीत, आणि मागचा आकडा दुरुस्त करायला पीक परत फिरत नाही.

आपल्याकडे हे जाणवलं मेक्सिकोच्या बुटक्या वाणांमुळे. लर्मा रोहो, सोनोरा ६४ अशा वाणांचं १८ हजार टन बियाणं १९६६ साली भारतात आलं. उंच देशी गव्हासारखं ते खोल पेरलं तर नीट उगवत नव्हतं, आणि पहिलं पाणी महिना-सव्वा महिन्याने दिलं तर फुटवे कमी पडत. कारण जमिनीखाली आहे. बी कितीही खोल असलं तरी झाडाचा मुकुट, म्हणजे खोड आणि मुळं यांचा सांधा, वरच्या दोन-तीन सेंटीमीटर मातीत तयार होतो. तिथूनच नवी मुळं निघतात आणि फुटव्यांना पोसतात. ही वरची माती तीन आठवड्यांत वाळते. ती कोरडी असेल तर मुळं पुढे सरकत नाहीत आणि फुटवे उपाशी राहतात. म्हणून एकवीस दिवस.

पण सगळे फुटवे ओंबी देत नाहीत. कांडी धरल्यापासून पोटरीपर्यंत कमजोर फुटवे वाळून जातात. साधारण चाळिसाव्या दिवशी एखादं खोड ब्लेडने उभं चिरून पाहा. खालच्या पेराजवळ अर्ध्या सेंटीमीटरची पांढुरकी ओंबी दिसते. तिच्यावर कणसुलं, म्हणजे पुढे दाणे धरणारे छोटे झुबके, किती, हे तोवर ठरून गेलेलं असतं. दरेक कणसुल्यात आठ-दहा फुलांची सुरुवात होते, दाणा धरतात दोन-चारच. त्यातली किती जगणार, हे फुलोऱ्याआधीच्या तीनेक आठवड्यांत ठरतं. आर. ए. फिशर यांनी १९८५ साली दाखवलं की या काळात ऊन भरपूर आणि हवा थंड असेल तर दाण्यांची संख्या वाढते. आपण या दिवसांत गव्हाकडे फारसं बघतच नाही, कापसाची वेचाई चालू असते ना.

वजन सगळ्यात शेवटी. फुलोऱ्यानंतर पहिल्या दोनेक आठवड्यांत दाण्याचा साचा बनतो, मग त्यात चीक भरतो. फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की हा काळ आखडतो आणि दाणा चिमतो.

माझ्याच दोन वावरांचं सांगतो. एकात गहू नोव्हेंबरच्या मध्याला पेरला, दुसऱ्यात पऱ्हाटी उपटून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. वाण एकच, पेरणीच्या दोन ओळींतलं, म्हणजे तासांतलं, अंतर साडेबावीस सेंटीमीटर. म्हणजे एकरात साधारण १८ हजार मीटर लांबीचे तास होतात. सोंगणीआधी तासाचा एक मीटर मोजला. त्यातल्या सगळ्या ओंब्या मोजल्या, म्हणजे झाडं आणि झाडामागच्या ओंब्या हे दोन आकडे एकत्रच आले. पहिल्यात ८० ओंब्या, ओंबीत सरासरी ३६ दाणे, हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम. मीटरमागे ११५ ग्रॅम, म्हणजे एकरी वीस क्विंटलच्या थोडं वर. दुसऱ्यात ७२ ओंब्या, ३० दाणे, ३२ ग्रॅम. मीटरमागे ६९, एकरी साडेबारा क्विंटलच्या आत. प्रत्यक्ष पोत्यांत दोन्हीकडे यापेक्षा कमीच भरलं. सांडलवंड होते, आणि एका मीटरवरून सगळं वावर कळत नाही. चार-पाच ठिकाणी मोजायला हवं होतं, मी आळस केला.

ओंब्या १०, दाणे १७ आणि वजन २० टक्क्यांनी कमी. गुणाकारात मात्र चाळीस टक्के गेले. आडत्याने दुसऱ्या ढिगात हात घातला आणि "दाणा बारीक आहे" एवढंच म्हणाला. उन्हाने खाल्लेलं त्याच्या हाताला लागलं. ओंब्या आणि दाणे जे जानेवारी-फेब्रुवारीतच कमी झाले होते, ते ढिगात दिसणारच नव्हते.

उशिरा पेरणाऱ्याला बियाणं वाढवून तास जवळ घ्यायला सांगतात, ते ओंब्यांच्या आकड्यासाठी. फुटवे कमी येणार, तर झाडंच जास्त लावायची. चिमलेल्या दाण्यावर त्याचा इलाज नाही.