ठेव ठेवण्यापूर्वी बँक नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे कसे तपासावे

नुकत्याच निवृत्त झालेल्या एका शिक्षकाकडे 12 लाख रुपये आहेत. ओळखीच्या एजंटने त्यांना एका संस्थेचा अर्ज आणून दिला असून इतरांपेक्षा दोन टक्के अधिक व्याज मिळेल असे सांगितले आहे. अर्जावर ठळक अक्षरांत संस्थेचे नाव आहे, त्यात 'अर्बन' हा शब्द आहे, खाली शाखांची यादी आहे आणि एजंटच्या बोलण्यात प्रत्येक वेळी 'आपली बँक' असाच उल्लेख येतो. अशा वेळी व्याजदराची तुलना करण्याआधी ही संस्था मुळात बँक आहे का आणि असल्यास कोणत्या प्रकारची, हे ठरवले पाहिजे. त्यासाठी अर्धा तास पुरतो.

पहिले काम म्हणजे संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव कागदावर उतरवून घेणे. पाटीवरचे किंवा जाहिरातीतले नाव यासाठी चालत नाही. ठेव पावतीचा नमुना मागावा आणि त्यावर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते पाहावे. शिक्षकांच्या बाबतीत पावतीच्या तळाशी 'मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी' असे शब्द आणि MSCS/CR ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आढळला. एजंट हा क्रमांक 'सरकारमान्यतेचा पुरावा' म्हणून दाखवतो. क्रमांक खराही असू शकतो, परंतु तो बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, 2002 खालील संस्थेच्या नोंदणीचा असतो आणि त्याने बँकिंगचा परवाना सिद्ध होत नाही. राज्यातील पतसंस्थांची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली होते. त्यांनाही हेच लागू आहे.

बँक म्हणून व्यवसाय करण्यासाठी बँकिंग विनियमन अधिनियम, 1949 च्या कलम 22 खाली रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. सहकारी संस्थांनी नावात 'बँक' हा शब्द वापरण्यावरील बंदी 2020 च्या दुरुस्तीने अधिक कडक झाली. तरीही काही संस्था तो वापरत आहेत आणि सभासद नसलेल्यांकडून किंवा नाममात्र सभासदांकडून ठेवी घेत आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये दिला होता. म्हणून ठेवीच्या अर्जासोबत सभासदत्वाचा अर्ज भरायला सांगितला आणि किरकोळ रकमेचे नाममात्र सभासदत्व देऊ केले, तर आपण बहुधा पतसंस्थेच्या दारात उभे आहोत असे समजावे.

नाव हाती आल्यावर ठेव विमा महामंडळाच्या dicgc.org.in या संकेतस्थळावर List of Insured Banks ही यादी उघडावी. परवानाधारक व्यापारी बँका, स्मॉल फायनान्स बँका, नागरी सहकारी बँका, राज्य सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका या यादीत असतात. पतसंस्था आणि गावपातळीवरील प्राथमिक कृषी सहकारी संस्था मात्र विम्याबाहेर राहतात. नाव अक्षरशः जुळवून पाहावे, कारण 'अर्बन', 'मर्चंट्स' आणि 'नागरिक' असे शब्द शेकडो नावांत आहेत आणि एखाद्याच शब्दाच्या फरकाने दोन वेगळ्या संस्था असू शकतात. शिक्षकांनी उतरवून घेतलेले नाव यादीत नव्हते, आणि तेवढ्यावरच त्यांचा निर्णय होण्यासारखा होता.

नाव यादीत सापडले तर प्रकार ओळखावा. स्मॉल फायनान्स बँक ओळखणे सर्वांत सोपे आहे, कारण परवान्याच्या अटींनुसार 'स्मॉल फायनान्स बँक' हे शब्द तिच्या नावातच असावे लागतात. सहकारी बँकेच्या नावात 'सहकारी' किंवा 'को-ऑपरेटिव्ह' येते. गोंधळ होतो तो 'शेड्यूल्ड' या शब्दाने. रिझर्व्ह बँक अधिनियम, 1934 च्या दुसऱ्या अनुसूचीत नाव समाविष्ट झालेली बँक म्हणजे शेड्यूल्ड बँक. या अनुसूचीत व्यापारी बँकांबरोबर काही मोठ्या सहकारी बँकाही आहेत, त्यामुळे पाटीवर 'शेड्यूल्ड बँक' लिहिले आहे म्हणून ती व्यापारी बँक ठरत नाही. तसेच अनुसूचीत नसलेल्या सहकारी बँकेतील ठेवीला विमा नसतो, हा समजही चुकीचा आहे. दोन्हींना विमा सारखाच लागू होतो.

अनुसूचीतील स्थान बँकेच्या प्रकृतीची हमीही देत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक शेड्यूल्ड होती. तरीही सप्टेंबर 2019 मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा मिळाली. जानेवारी 2022 मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा विम्याच्या मर्यादेपलीकडील रकमांची परतफेड पुढील अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने करण्याची योजना आखण्यात आली. निर्बंध असलेल्या बँकेचेही नाव विमा यादीत असू शकते. म्हणून यादी पाहून झाल्यावर rbi.org.in वरील प्रसिद्धिपत्रकांत बँकेचे नाव शोधावे आणि बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम 35A खालील निर्बंधांचे निर्देश लागू आहेत का, हे वेगळे तपासावे. सहकारी बँकेच्या बाबतीत ही पायरी मी कधीही वगळणार नाही.

दोन गोष्टी पुरावा म्हणून पुढे केल्या जातात, त्यांपैकी एक फसवी आहे. आयएफएस कोड दाखवला म्हणजे ती बँक आहे असे होत नाही. लहान संस्था दुसऱ्या बँकेतील आपल्या खात्यामार्फत पैसे स्वीकारतात आणि तो कोड त्या दुसऱ्या बँकेचा असतो. संकेतस्थळाचा पत्ता मात्र उपयोगी ठरतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत .bank.in या पत्त्यावर येण्यास सांगितले होते आणि हा पत्ता बँकांसाठीच राखीव आहे.

प्रकार ठरल्यावर रकमेची विभागणी करावी. विम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे 5 लाख रुपये आहे, आणि तीत मुद्दल व व्याज दोन्ही धरले जातात. एकाच बँकेच्या दोन शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. शिक्षकांनी सगळे 12 लाख स्वतःच्या नावावर एका सहकारी बँकेत ठेवले, तर 7 लाखांहून अधिक रक्कम विम्याबाहेर राहील. त्याऐवजी तीन वेगवेगळ्या बँकांत प्रत्येकी 4 लाख ठेवल्यास 1 लाखापर्यंतचे व्याजही संरक्षणात येते. पत्नीसोबतचे संयुक्त खाते स्वतंत्र मोजले जाते, त्यामुळे एकाच बँकेतही काही वाढीव संरक्षण मिळवता येते.

बँकेवर निर्बंध आले तर ठेव विमा कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम 90 दिवसांत देय होते. त्यासाठी ठेवीदाराने बँकेकडे संमतीपत्र, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि पैसे जमा करण्यासाठी दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील वेळेत द्यावा लागतो. पावतीवरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत फरक असेल तर पडताळणी अडते, म्हणून ठेव ठेवतानाच ते जुळवून घ्यावे. फसव्या संस्थेविरुद्ध तक्रार sachet.rbi.org.in वर नोंदवता येते. मात्र पतसंस्थेतील ठेव परत मिळत नसेल, तर राज्यातील संस्थेसाठी सहकार निबंधकांकडे आणि बहुराज्य संस्थेसाठी केंद्रीय निबंधकांकडे जावे लागते.