डबा की चकली: दोन्ही घरगुतीच, पण हिशोब वेगळा

‘तुझ्या हाताला चव आहे, काहीतरी सुरू कर’ असं सगळेच म्हणतात. पण ‘काहीतरी’ म्हणजे रोजचा पोळी-भाजीचा डबा की ऑर्डरप्रमाणे चकली-चिवडा, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही त्याच ओट्यावर होतात म्हणून एकच वाटतात.

डब्यात अडतं ते पोळीपाशी. दहा डबे, प्रत्येकी चार पोळ्या म्हणजे चाळीस पोळ्या. लाटून भाजायला पोळीमागे दीड मिनिट धरलं, तरी एका तव्यावर तासभर लागतो. भाजी पंधरा जणांची करायला फारसा जास्त वेळ लागत नाही, पण पोळ्या साठ झाल्या की दीड तास झाला. म्हणून मिक्सर-कुकरवर खर्च करण्याआधी दुसरा तवा घ्यावा आणि लाटायला कोणी सोबत आहे का ते बघावं. डबा नऊला न्यायचा असेल तर सकाळचे हे तास रोज द्यावे लागतात. घरात पाहुणे आले, मूल आजारी पडलं तरी सुटका नाही.

समजा डबा 80 रुपयांना दिला आणि सामान, गॅस धरून 45 गेले, तर दहा डब्यांचे दिवसाला 350 उरतात. ते निसटतात सुट्ट्यांमध्ये. सकाळी सातला ‘आज नको’ असा निरोप आला, तर भाजी चिरून झालेली असते. पैसे महिन्याचे आगाऊ घ्यावेत आणि आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तरच डबा वजा करावा. हे पहिल्याच दिवशी सांगितलं की वाद होत नाहीत.

चकलीत वेळ आपला असतो, दुपारीही करता येते. सोऱ्या, कढई, झारा आणि वजनकाटा एवढ्यावर भागतं. चूक होते ती तेलाच्या हिशोबात. तेल तळणीआधी मोजावं आणि नंतर गार झाल्यावर पुन्हा मोजावं. समजा किलोभर भाजणीला मोहन धरून 350 ग्रॅम तेल गेलं. भाजणी 90, तेल 56, तीळ-तिखट 15, गॅस 20, पिशव्या 14, असे 195 रुपये झाले. तयार चकली 1.3 किलो भरली, तर किलोला 150 पडले. 400 ने विकली की किलोमागे 250 राहतात, पण विकली तरच. दिवाळीत मागणी पुरवता येत नाही आणि पुढे बरेच महिने फोन शांत असतो.

चकली बिघडते तेव्हा कारण ओळखता येतं. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं. वरून लाल पण आत मऊ राहिली तर आच मोठी होती. तळताना कुरकुरीत होती आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडली, तर बहुधा गरम असतानाच पिशवीत भरली गेली.

माझ्या मते सकाळ मोकळी असेल आणि जवळपास नोकरदार, विद्यार्थी राहत असतील, तर डबा घ्यावा. घरातल्यांचेच डबे सकाळी करायचे असतील, तर चकली बरी. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी मात्र दोन्हीला लागते.