क्रिस्टल फील्ड विभाजन आणि कॉम्प्लेक्सचे रंग (बी.एस्सी. द्वितीय वर्ष)

संक्रमण धातूच्या आयनाभोवती लिगँड आले की त्याच्या पाच d ऑर्बिटलांची ऊर्जा सारखी राहत नाही. ऊर्जेतील या फरकावरून कॉम्प्लेक्सचा रंग समजावून देण्याच्या पद्धतीला क्रिस्टल फील्ड सिद्धांताचे स्पष्टीकरण म्हणतात. स्फटिकातील आयनांसाठी हा विचार हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये मांडला. असेंद्रिय रसायनाच्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरात त्यासाठी बहुधा [Ti(H₂O)₆]³⁺ हे उदाहरण घेतात, आणि ते योग्यच आहे. Ti³⁺ मध्ये d इलेक्ट्रॉन एकच असल्याने इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील प्रतिकर्षणाचा प्रश्न तिथे येत नाही.

सहा पाण्याचे रेणू x, y, z अक्षांवरून जवळ येतात. dz² आणि dx²–y² या ऑर्बिटलांचे पाकळे थेट त्यांच्या समोर असतात, म्हणून त्यांतील इलेक्ट्रॉनला जास्त प्रतिकर्षण सोसावे लागते आणि त्यांची ऊर्जा वाढते. हा e_g संच. dxy, dyz आणि dzx यांचे पाकळे अक्षांच्या मधल्या जागेत असतात. त्यांचा t₂g संच खाली राहतो. दोन संचांमधील अंतर म्हणजे Δₒ. आकृती काढताना सर्व ऑर्बिटलांची सरासरी ऊर्जा तुटक रेषेने दाखवावी. e_g तिच्या वर ०.६ Δₒ आणि t₂g तिच्या खाली ०.४ Δₒ असतो.

Ti³⁺ चा इलेक्ट्रॉन t₂g मध्ये असतो. Δₒ इतक्या ऊर्जेचा प्रकाशकण शोषला की तो e_g मध्ये जातो. वर्णपटात या संक्रमणाचा पट्टा सुमारे २०,३०० cm⁻¹ वर दिसतो. १०⁷ ला २०,३०० ने भागल्यास तरंगलांबी सुमारे ४९३ nm येते, आणि ऊर्जा मोलमागे साधारण २४३ kJ भरते. हे तीन आकडे एका ओळीत जोडून दाखवले की रंगाचा संबंध Δₒ शी खरोखर जुळवलेला दिसतो. ‘d–d संक्रमणामुळे रंग येतो’ एवढेच लिहिल्याने ते साधत नाही.

पुढची पायरी मात्र घाईत बिघडते. पूरक रंगांच्या चक्रात ४९३ nm या निळसर हिरव्या रंगासमोर तांबडा येतो, तर द्रावण प्रत्यक्षात जांभळे असते. कारण शोषणाचा पट्टा रुंद आणि एका बाजूला कललेला असतो. उत्तेजित अवस्थेतील e_g¹ विन्यासाला यान–टेलर विरूपण होते आणि पट्ट्याला सुमारे १७,४०० cm⁻¹ वर एक खांदा येतो. त्यामुळे हिरवा-पिवळा भाग शोषला जातो, तर एका टोकाचा निळा-जांभळा आणि दुसऱ्या टोकाचा तांबडा प्रकाश पार जातो. डोळ्याला या दोन्हींची बेरीज दिसते. वर गेलेला इलेक्ट्रॉन खाली येताना जांभळा प्रकाश सोडतो, असेही काही उत्तरांत लिहिलेले असते. ती ज्योत परीक्षेची कल्पना इथे चुकून आलेली असते. इथे शोषलेली ऊर्जा मुख्यतः कंपनांवाटे उष्णता होऊन निघून जाते.

स्पष्टीकरणाची पडताळणी त्याच धातूवर करता येते. Ti³⁺ चे द्रावण हवेत ऑक्सिडीकरण होऊन फिके पडते, कारण Ti⁴⁺ मध्ये d इलेक्ट्रॉनच उरत नाही. Zn²⁺ ची बाजू उलटी आहे. त्याच्या d¹⁰ विन्यासात e_g मध्ये रिकामी जागा नसते, म्हणून त्याचे जलीय द्रावण रंगहीन असते.

लिगँड बदलल्याचा परिणाम दाखवायला निकेल सोयीचे आहे, पण तिथे एक सापळा आहे. [Ni(H₂O)₆]²⁺ हिरवे आणि [Ni(NH₃)₆]²⁺ निळसर जांभळे असते. अमोनिया पाण्यापेक्षा प्रबळ लिगँड असल्याने Δₒ सुमारे ८,५०० वरून १०,८०० cm⁻¹ पर्यंत वाढतो. हे दोन्ही आकडे अवरक्त भागात पडतात, म्हणजे डोळ्याला दिसणारा रंग Δₒ इतक्या ऊर्जेच्या शोषणातून थेट आलेला नाही. Ni²⁺ मध्ये आठ d इलेक्ट्रॉन आहेत आणि त्यांच्या आपसांतील प्रतिकर्षणामुळे तीन पट्टे मिळतात. पाण्याच्या कॉम्प्लेक्समधील वरचे दोन पट्टे तांबड्या आणि जांभळ्या टोकांना पडतात, मधला हिरवा वाचतो. अमोनियासह तिन्ही पट्टे जास्त ऊर्जेकडे सरकतात. मधला पट्टा पिवळ्या भागात, सुमारे ५७० nm वर येतो, आणि सर्वांत वरचा अतिनील भागात जातो. ‘Δₒ वाढला, शोषण कमी तरंगलांबीकडे सरकले’ हे विधान दोन्हीकडे खरे ठरते. पण ‘शोषलेली ऊर्जा = Δₒ’ हे समीकरण d¹ सारख्या सोप्या विन्यासापुरतेच लिहावे.

परमँगनेटचा गडद जांभळा रंग या चौकटीत बसवू नये. MnO₄⁻ मध्ये मँगनीज +७ आहे, म्हणजे d⁰. तिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून धातूकडे जातो. हा भारस्थानांतरणाचा रंग आहे. तीव्रतेवरूनही फरक कळतो: [Ti(H₂O)₆]³⁺ चा मोलर शोषणांक पाचच्या आसपास असतो, तर परमँगनेटचा ५२५ nm जवळ दोन हजारांच्या वर जातो. केंद्रसममित अष्टफलकीय कॉम्प्लेक्समध्ये d–d संक्रमणाला लापोर्ट निवडनियमाने मनाई असते आणि कंपनांमुळे ती थोडीशीच सैल होते, म्हणून असे रंग फिके असतात.