जिवलगाचं यश नेमकं कुठे टोचतं?

मैत्रिणीच्या यशाने पोटात दुखलं की आधी लाज वाटते आणि त्या लाजेपायी आपण ते दुखणं नीट बघतच नाही. ते बघायला हवं, कारण जिवलगाच्या प्रत्येक यशाने ते होत नाही.

अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासोबत १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शब्द ओळखण्याच्या खेळात समोरच्याला सोपा इशारा द्यायचा की अवघड, हे खेळणाऱ्याने ठरवायचं होतं. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसापेक्षा मित्राला जास्त मदत केली. यात महत्त्वाची बौद्धिक क्षमता कळते असं सांगितल्यावर मात्र मित्रालाच जास्त अवघड इशारे मिळाले. माणूस जवळचा असावा आणि क्षेत्र आपण मनाने आपलं मानलेलं असावं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की यश बोचतं. म्हणूनच मैत्रिणीचं कोणतं यश बोचलं, यावरून आपण मनात काय धरून बसलोय ते कळू शकतं.

पण ‘यश’ हे गाठोडं असतं, ते सोडावं लागतं. समजा, लालबागच्या चाळीत एकत्र कुटुंबात राहणारी एक शिक्षिका आहे. तिच्या मैत्रिणीने मुलुंडला टू बीएचके घेतला. “अगं, रविवारी ये ना घर बघायला!” असा फोन आला आणि हिचा दिवस खराब गेला. आता एकेक गोष्ट सुटी करून बघू. नवव्या मजल्यावरून दिसणारे डोंगर? छान आहेत, टोचत नाहीत. पार्किंग? हिला गाडीच नकोय. नवं किचन? तेही नाही. मग फोटोत खिडकीशी एक टेबल दिसतं, आणि त्या खोलीचं बंद होणारं दार. तिथे कळ येते. अर्धवट राहिलेली पीएचडी हिला आठवते. हिला घर नाही, रोज दोन तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा हवी आहे. ती गल्लीतल्या अभ्यासिकेतही मिळू शकते.

इथे एक चाचणी उपयोगी पडते: हीच गोष्ट मला मिळाली, पण कुणालाच कळणार नसेल, तरी हवी आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर हवा होता तो मान, ती गोष्ट नव्हे.

प्रत्येक जळफळाट इच्छा दाखवतो असंही नाही. नील्स व्हान डे वेन या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात आपल्याला वर चढावंसं वाटतं, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढावंसं. दुसरा प्रकार बहुधा ते यश अयोग्य वाटतं तेव्हा उफाळतो. मैत्रिणीचं घर उद्या हातचं गेलं, या कल्पनेनेच हायसं वाटत असेल, तर टेबल आणि दार तपासण्याआधी तिच्याविषयी कुठला जुना राग साचलाय ते शोधावं लागेल.