मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता आणि उत्परिवर्तन-भार

कर्करोगाच्या गाठीतील डीएनए तपासताना घेतली जाणारी दोन मापे. डीएनएमध्ये काही ठिकाणी एक ते सहा अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा लागोपाठ येतो. या पट्ट्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. गाठीत त्यांची लांबी रुग्णाच्या निरोगी पेशींपेक्षा वेगळी झाली असेल, तर त्या स्थितीला मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता (एमएसआय) म्हणतात. उत्परिवर्तन-भार, म्हणजेच ट्यूमर म्युटेशनल बर्डन (टीएमबी), हा दर दहा लाख अक्षरांमागे गाठीत नव्याने झालेल्या बदलांचा आकडा. रिपोर्टमध्ये दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असतात, त्यामुळे ती एकाच गोष्टीची दोन नावे वाटतात. पण पहिल्या मापावरून नेमकी कोणती दुरुस्ती बंद पडली आहे ते कळते, तर दुसऱ्यावरून फक्त चुका किती साठल्या ते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा फरक सर्वात स्पष्ट दिसतो.

पेशी विभागताना डीएनएची नक्कल पॉलिमरेज हे विकर करते. एकच अक्षर वीस-पंचवीस वेळा लागोपाठ आले की जप करताना माळेचा एखादा मणी निसटावा तसे त्याचे होते आणि एखादे अक्षर कमी किंवा जास्त पडते. निरोगी पेशीत ही चूक लगेच पकडली जाते. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ या प्रथिनांची जोडी चूक ओळखते, मग एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही जोडी पुढचे काम हाती घेते. चुकीचा भाग कापून तेथे नवा भरला जातो. ही 'मिसमॅच दुरुस्ती' बंद पडली की हजारो पट्ट्यांची लांबी बदलत जाते. अशी एखादी पट्टी जनुकाच्या आत असेल तर एका अक्षराच्या फरकाने पुढचे सगळे वाचन सरकते आणि शरीराने कधी न पाहिलेले प्रथिनांचे तुकडे तयार होतात. रोगप्रतिकारक पेशींना हे तुकडे परके वाटतात. अशा गाठीत लिम्फोसाइट पेशींची गर्दी आढळते ती यामुळेच.

अशा गाठींचे वर्णन १९९३ मध्ये वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी केले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्के या प्रकारचे असतात. रोग इतरत्र पसरलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण ४ ते ५ टक्क्यांवर येते.

तपासणीच्या दोन वाटा आहेत. पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या पातळ कापावर वरील चार प्रथिनांची रंगक्रिया करतो आणि कोणते प्रथिन नाहीसे झाले आहे ते पाहतो. दुसऱ्या वाटेत पीसीआर किंवा सिक्वेन्सिंगने पट्ट्यांची लांबी थेट मोजतात. पाच पट्ट्यांच्या नेहमीच्या संचात दोन किंवा अधिक बदललेल्या असल्या तर 'एमएसआय-हाय' असा निकाल देतात. रंगक्रियेत एक खबरदारी महत्त्वाची असते. गाठीच्या पेशी रंगहीन दिसल्या, पण त्याच काचेवरचे लिम्फोसाइटही रंगहीन असले, तर दोष रंगाचा किंवा नमुना जतन करण्याच्या पद्धतीचा असतो आणि तो निकाल धरत नाहीत.

प्रथिने जोडीने टिकतात. एमएलएच-१ गेले की पीएमएस-२ एकटे तग धरत नाही. एमएसएच-२ गेले की एमएसएच-६ही जाते. निदानाला याचा मोठा उपयोग होतो. उदाहरणादाखल दोन रुग्ण घेऊ. ७२ वर्षांच्या बाईंच्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठीत एमएलएच-१ आणि पीएमएस-२ दिसत नाहीत. पुढची पायरी म्हणजे बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हा बदल शोधणे. तो सापडला तर एमएलएच-१ जनुक उतारवयात मेथिलेशनमुळे, म्हणजे डीएनएवर रासायनिक खूण चढल्यामुळे, बंद पडले असावे, असा निष्कर्ष निघतो आणि दोष आनुवंशिक असण्याची शक्यता फारच कमी राहते. तो नसेल तर मेथिलेशनची वेगळी तपासणी करतात. दुसरा रुग्ण ३८ वर्षांचा असून त्याच्या गाठीत एमएसएच-२ आणि एमएसएच-६ नाहीत. येथे संशय लिंच सिंड्रोमचा, म्हणजे दुरुस्तीच्या जनुकात जन्मतःच असलेल्या दोषाचा. त्याची रक्ततपासणी आणि जनुकीय समुपदेशन होते. दोष सापडला तर प्रत्येक भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात आढळेल त्यांची दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयाच्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो. दोन्ही रुग्णांच्या रिपोर्टवर 'एमएसआय-हाय' एवढेच लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ एका घरात रुग्णापुरता, तर दुसऱ्या घरात सगळ्या कुटुंबासाठी असतो.

उपचाराचा पहिला प्रश्न असतो केमो द्यायची की नाही. दुसऱ्या टप्प्यातील एमएसआय-हाय गाठ काढल्यानंतर रोग उलटण्याचा धोका मुळातच कमी असतो आणि एकट्या फ्लुओरोयुरॅसिल या केमोच्या औषधाचा फायदा दिसत नाही. म्हणून ती सहसा देत नाहीत. रोग पसरलेला असेल तर चित्र वेगळे. पीडी-१ या प्रथिनाला अडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये ते अवयव कोणताही असो, दुरुस्तीतील दोषाच्या आधारे मान्य केले; अशी ही पहिलीच मान्यता. कीनोट-१७७ या चाचणीत मोठ्या आतड्याच्या अशा रुग्णांत रोग न वाढता गेलेला मध्यक काळ १६.५ महिने होता, केमोच्या गटात ८.२. मात्र याच चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांचा रोग सुरुवातीपासूनच वाढत गेला. औषध चालले नाही की एकदा मूळ तपासणीही उलटून पाहावी, कारण काही वेळा गाठ खरोखर एमएसआय-हाय नसतेच.

उत्परिवर्तन-भाराची उंबरठ्याची संख्या १० ही आहे. २०२० मध्ये एफडीएने दर दहा लाख अक्षरांमागे १० किंवा अधिक बदल असलेल्या गाठींसाठी, दुसरा समाधानकारक उपाय उरला नसल्यास, हेच औषध मान्य केले. आधारभूत अभ्यासात वरच्या गटातील २९ टक्के आणि खालच्या गटातील ६ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. एमएसआय-हाय गाठींत हा आकडा जवळपास नेहमीच मोठा असतो. उलट मात्र खरे नाही. धूम्रपानामुळे झालेल्या फुफ्फुसाच्या आणि उन्हामुळे झालेल्या त्वचेच्या कर्करोगात मिसमॅच दुरुस्ती शाबूत असूनही तो वाढतो. पीओएलई जनुकाचा दोष आणखी लक्षणीय. यात पॉलिमरेजची स्वतःची चूक सुधारण्याची क्षमता जाते. आकडा शंभरावर जाऊ शकतो, पण चारही प्रथिने रंगतात, पट्ट्या बहुधा स्थिर असतात आणि फक्त एमएसआय तपासणाऱ्याच्या हातून हा रुग्ण निसटतो. अशा गाठीही पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या इम्युनोथेरपीला चांगला प्रतिसाद देऊ शकतात. याउलट टेमोझोलोमाइड हे केमोचे औषध दिल्यानंतर मेंदूच्या ग्लायोमा गाठींत भार प्रचंड वाढलेला दिसतो, तरी ही औषधे तेथे फारशी चालत नाहीत. तेथील बहुतेक बदल गाठीच्या काही पेशींतच विखुरलेले असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत एक अडचण मोजणीतच आहे. फक्त गाठ तपासली तर जन्मजात बदल सार्वजनिक माहितीसंचांशी ताडून वगळावे लागतात आणि त्या संचांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती जास्त आहे. आपल्याकडचे निरुपद्रवी जन्मजात बदल त्यामुळे गाठीच्या खात्यावर चढतात. समजा पॅनेलने, म्हणजे निवडक जनुके वाचणाऱ्या चाचणीने, १२ लाख अक्षरे वाचली आणि १४ बदल मोजले, भार ११.७ येतो, म्हणजे 'हाय'. रुग्णाचे रक्त सोबत तपासल्यावर त्यांतले ५ जन्मजात निघाले तर ९ उरतात आणि भार ७.५ होतो. उंबरठ्याजवळच्या आकड्यावरून महागडे औषध ठरवण्यापूर्वी तपासणी रक्ताच्या जोडीने झाली होती का, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे लागते.