भावाखालच्या व्हॉल्यूमच्या दांड्या कशा वाचाव्यात
(आमच्याकडे ट्रेडिंग खाते असलेल्या ग्राहकांसाठी)

चार्टवर वर भावाच्या कँडल असतात आणि खाली उभ्या दांड्यांची रांग. दैनिक चार्टवरची एक दांडी म्हणजे त्या दिवशी किती शेअरचे सौदे झाले तो आकडा. दांडी हिरवी म्हणजे खरेदी आणि लाल म्हणजे विक्री, असे बरेच जण धरून चालतात. ते चूक आहे. प्रत्येक सौद्याला घेणारा आणि विकणारा दोघेही लागतात. 10 लाख शेअर विकले गेले म्हणजे 10 लाख घेतलेही गेले. रंग फक्त भावावरून ठरतो. ट्रेडिंगव्ह्यूवर त्या दिवशीचा बंद भाव उघडत्या भावापेक्षा वर असेल तर दांडी हिरवी दिसते. सेटिंगमध्ये `Color based on previous close` निवडले, तर तुलना आदल्या दिवशीच्या बंद भावाशी होते. म्हणून वर उघडून थोडा उतरलेला दिवस एकीकडे लाल, तर दुसरीकडे हिरवा दिसू शकतो. रंगापेक्षा उंचीकडे लक्ष द्या.

उंचीही नुसत्या डोळ्यांनी जोखू नका. चार्टवर एखादी प्रचंड दांडी असेल, तर बाकीच्या सगळ्या आपोआप बुटक्या दिसतात. त्यासाठी व्हॉल्यूमवर 20 दिवसांची सरासरी रेषा लावा आणि आजची दांडी तिच्या किती पट आहे ते काढा. दीड पटीपर्यंतचा चढउतार नेहमीचाच असतो. दुपटीच्या पुढे गेली की आम्ही थांबून बघतो. हा आमचा अंदाज आहे, नियम नव्हे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शेअर सात आठवडे 228 ते 240 रुपयांत फिरतो आहे. रोजची सरासरी उलाढाल 4 लाख शेअर, त्यातली साधारण 45 टक्के, म्हणजे 1.8 लाख, डिलिव्हरीची. एके दिवशी तो 240 ओलांडून 247 ला बंद होतो आणि उलाढाल होते 14 लाख, म्हणजे साडेतीन पट. 240 जवळ इतके दिवस विकणारे उभे होते. त्यांचा माल कोणीतरी उचलला आणि तरीही भाव वर टिकला, एवढे ही दांडी सांगते. हीच चाल 3 लाखांच्या उलाढालीवर झाली असती, तर विकणारे त्या दिवशी फिरकलेच नाहीत, असाही अर्थ निघाला असता. आणि ते दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतात.

पण 14 लाखांतले किती शेअर खरोखर कोणाच्या खात्यात गेले? एनएसईच्या संकेतस्थळावर शेअरच्या पानावर बाजार बंद झाल्यानंतर डिलिव्हरीची टक्केवारी मिळते. ती 52 असेल, तर 7.28 लाख शेअर डिलिव्हरीत गेले, नेहमीच्या चौपट. 19 असेल, तर फक्त 2.66 लाख; बाकीची उलाढाल त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांची. टक्केवारीपेक्षा हा प्रत्यक्ष आकडा महत्त्वाचा, कारण उलाढाल फुगली की टक्केवारी घसरूनही डिलिव्हरी वाढलेली असू शकते.

पुढचे तीन-चार दिवसही बघा. भाव 241-242 पर्यंत मागे येताना दांड्या 3 लाख, अडीच लाख अशा आखडत गेल्या, तर विकण्याची घाई नाही. उलट 14 लाखांच्या त्याच दिवशी भाव 252 ला जाऊन 239 ला बंद झाला असता, तर मोठी उलाढाल नेमकी उलटी खूण ठरली असती: वर मागणी आली आणि तिच्यावर कोणीतरी भरपूर माल काढला. दांडी तेवढीच उंच, अर्थ मात्र कँडल कुठे बंद झाली त्यावर अवलंबून.

काही उंच दांड्यांचा चालीशी संबंध नसतो. मोठा ब्लॉक डील झाला, किंवा निर्देशांकातील बदलामुळे फंडांनी शेवटच्या अर्ध्या तासात घेतले-विकले, तर उलाढाल कित्येक पट होते. ब्लॉक आणि बल्क डीलची यादी एक्स्चेंज त्याच दिवशी जाहीर करते. उंच दांडी दिसली की आधी ती तपासा. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांची दांडी तासाभराच्या व्यवहाराची असल्याने बुटकीच असणार, तिच्यावरून काही ठरवू नका. तसेच सकाळी 11 ला दिसणारी दांडी अर्धवट असते. तिची तुलना पूर्ण दिवसाच्या सरासरीशी केली तर हमखास फसगत होते.

अप्पर सर्किटला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे भाव वर जातो आणि दांडी चिमुकली असते, कारण विकणाराच नसतो. अशा शेअरमध्ये सर्किट उघडून उलाढाल अचानक वाढते तो दिवस बघण्यासारखा असतो: त्या दिवशी भाव कुठे बंद होतो त्यावरून थांबलेल्या विक्रीचा अंदाज पहिल्यांदा येतो.