९९६ मिनिटांचं पाणी

पाणी आणायला जाऊन-येऊन किती वेळ लागतो? ग्रामीण भागातल्या अनेक सर्वेक्षणांत हा प्रश्न असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होत आलं आहे. ते ज्या आंतरराष्ट्रीय साच्यातलं आहे, त्यात या प्रश्नाच्या रकान्यात मिनिटांबरोबर दोन विचित्र आकडे भेटतात : ९९६ आणि ९९८. ९९६ म्हणजे पाणी घरातच आहे, ९९८ म्हणजे माहीत नाही. संगणकाला मात्र हे अर्थ कुणी सांगितलेले नसतात. त्याच्या लेखी घरातच पाणी असलेल्या बाईला ते आणायला साडेसोळा तास लागतात.

दहा घरांचं उदाहरण घेऊ. उत्तरं अशी आली : ५, १०, १०, १५, २०, ३०, ९९६, ९९६, ९९८ आणि एक रकाना रिकामा. रकान्याची थेट सरासरी काढली तर ३४२ मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास येतात. ही चूक चटकन लक्षात येते. खरी पंचाईत पुढे आहे. कोड वगळून फक्त सहा घरं धरली तर सरासरी १५ मिनिटं. घरात नळ असलेल्यांचा वेळ शून्य धरला तर आठ घरांची सरासरी ११.२५. दोन्ही आकडे पटण्यासारखे, दोन्ही बरोबर, पण उत्तरं वेगळ्या प्रश्नांची. पहिला सांगतो, पाणी आणायला जाणाऱ्यांचा वेळ किती जातो. दुसरा सांगतो, गावातल्या घराला सरासरी किती वेळ द्यावा लागतो. अहवालात नुसतं ‘सरासरी १५ मिनिटं’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

म्हणून अहवालाला कार्यपद्धतीचं परिशिष्ट जोडायचं आणि त्यात कोडबुक द्यायचं. आपल्या प्रश्नाची नोंद अशी होईल :

```
चल      : q12
प्रश्न    : पाणी आणायला जाऊन, रांगेत थांबून,
          परत यायला किती वेळ लागतो?
कोणाला  : q11 मध्ये "घरात/अंगणात" न म्हणणाऱ्यांना
1-180   मिनिटं                        6
996     घरात/अंगणात (q11 वरून भरलं)    2
998     माहीत नाही                     1
999     नोंद राहिली                     1
एकूण                                 10
```

उजवीकडचे आकडे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. त्यांची बेरीज मुलाखती झालेल्या घरांइतकी आलीच पाहिजे. ती आली नाही, तर कुठेतरी एखादा कोड यादीत यायचा राहिलाय किंवा एखादं घर दोनदा मोजलं गेलंय. रिकामा रकानाही तसाच सोडायचा नाही. कागदी प्रश्नावली काढून पाहायची. तो प्रश्न त्या घराला लागूच नव्हता, की विचारणाऱ्याकडून लिहायचा राहिला? आपल्या दहाव्या घरी तो लिहायचा राहिला होता, म्हणून ९९९.

प्रश्न शब्दशः द्यायचा, तो ज्या भाषेत विचारला त्याच भाषेत. ‘रांगेत थांबून’ हे दोन शब्द गाळले की उन्हाळ्यातलं उत्तर पार बदलतं, कारण विहिरीपर्यंतची चाल दहा मिनिटांची आणि नंबर लागायला तास, असं सर्रास होतं. दोन मुलाखतकारांपैकी एकानं रांग धरून विचारलं आणि दुसऱ्यानं न धरता, तर ते कसं ओळखायचं? उत्तरं मुलाखतकाराच्या क्रमांकानुसार वेगळी करून पाहायची. एकाच वस्तीत एकाची उत्तरं सतत दुसऱ्याच्या दुप्पट येत असतील, तर हा फरक घरांचा नाही, विचारण्याचा असायची दाट शक्यता आहे. तसं आढळलं तर ते परिशिष्टात लिहायचं. आकडे गुपचूप दुरुस्त करायचे नाहीत.

आता उत्तरांवरून बनवलेले नवे रकाने. मूळ रकान्याला हात लावायचा नाही, नवा करायचा. नियमही संगणकाला दिला तसाच छापायचा. स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो असा :

```
recode q12 (996=0) (998 999=.), gen(pani_vel)
```

पाणीपुरवठ्याच्या जागतिक मोजमापात सुधारित स्रोतावरून रांगेसह तीस मिनिटांच्या आत पाणी आणता आलं, तर ती ‘मूलभूत’ सेवा. त्याहून जास्त लागली तर ‘मर्यादित’. आपल्या दहांतल्या एका घरानं नेमकं ३० सांगितलंय. व्याख्येप्रमाणे ते ‘आत’ धरलं जातं. पण कुणी कोडमध्ये `pani_vel>=30` लिहिलं, तर तेच घर पलीकडे जातं, आणि वेळ माहीत असलेल्या आठ घरांपैकी एक, म्हणजे साडेबारा टक्के घरं, ‘मर्यादित’ ठरतात. एरवी आकडा शून्य आला असता. शिवाय स्टाटा रिकामी किंमत कुठल्याही संख्येपेक्षा मोठी मानतं, त्यामुळे याच ओळीत ती दोन अज्ञात घरंही ‘मर्यादित’मध्ये शिरतात. लोक वेळ घड्याळ लावून सांगत नाहीत, पाच, दहा, पंधरा, तीस असं सांगतात. त्यामुळे मोठ्या सर्वेक्षणात ३० या एकाच आकड्यावर घरांचा ढीग जमतो आणि `>` की `>=` यावर टक्केवारी बरीच हलते.

परिशिष्ट पुरं झालं की मी ते मूळ फाइलसकट प्रकल्पाबाहेरच्या सहकाऱ्याकडे देते आणि तोंडी काहीही सांगत नाही. अहवालातला ११.२५ त्याला काढता यायला हवा. तो १५ घेऊन आला, तर कोडबुकमध्ये ९९६ पुढची ओळ मी पुन्हा लिहायला घेते.